केळफुलाची एकच बाजू का मोडते? गळ्यापासून विणायच्या नक्षीदार स्वेटरचं गणित

थंडीची लाट आली की धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि आमच्या गल्लीत ओट्यावर ऊन खात बसलेल्या बायकांच्या हातात सुया दिसायला लागतात. पूर्वी मागचा पल्ला, पुढचा पल्ला, दोन बाह्या असं वेगवेगळं विणून शेवटी शिवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आता मुली मोबाइलवर आइसलँडच्या धर्तीचे स्वेटर बघतात. एकसंध, बिनशिलाईचे, गळ्याभोवती गोल नक्षी. मग त्याचा चार्ट उतरवून घेतात आणि तिथेच अडकतात.

माझ्या भाचीने यंदा असाच एक घाट घातला. जळगावकडची असल्यामुळे तिला नक्षीत केळफूल हवं होतं. गळ्याभोवती चोवीस केळफुलं, वर बारीक देठ, खाली फुगत जाणारं आणि टोकाला निमुळतं होणारं जांभळं फूल, मागे पांढरा रंग. कल्पना झकास. पण अर्धं विणून झाल्यावर तिने ते माझ्यापुढे टाकलं तेव्हा शेजारच्या आजीच आधी बोलल्या, "हाई काय व्हयनं वं माय?" चोवीसच्या चोवीस फुलांची एक बाजू सुबक उतरली होती आणि दुसरी बाजू एकाच जागी मोडल्यासारखी झाली होती.

"मावशी, टाके मोजले गं मी. दोनशे चाळीसच आहेत. चुकलं कुठे?"

मोजणीत काहीच चुकलं नव्हतं. टाके वाढवायची जागा चुकली होती.

आधी योक म्हणजे काय ते बघू

गळ्यापासून काखेपर्यंतचा जो गोल भाग खांदे, छाती, पाठ आणि बाह्यांचा वरचा भाग सगळं एकत्र झाकतो, त्याला योक म्हणतात. शर्टाच्या खांद्यावरच्या पट्टीलाही शिंपी योकच म्हणतो, पण इथे तो पूर्ण गोल असतो. गोल सुईवर गळ्याचे टाके घालायचे, फेऱ्यांमागून फेऱ्या विणत खाली यायचं, काखेपाशी बाह्यांचे टाके वेगळे करून ठेवायचे आणि मधल्या टाक्यांवर अंग विणायचं.

खापरावर टाकण्याआधी आपण मांडा हातावर कसा वाढवतो ते आठवा. मध्यापासून बाहेर, सगळीकडून सारखा. योकचंही तसंच आहे, फक्त मांडा सपाट असतो आणि योक नरसाळ्यासारखा उतरता. भाचीच्या स्वेटरचे आकडे घेऊ. तिच्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके आणि 26 फेऱ्या बसतात. गळ्याला 96 टाके, म्हणजे 48 सेंटिमीटर. काखेच्या पातळीला अंग आणि दोन्ही बाह्या मिळून 288 टाके, म्हणजे 144 सेंटिमीटर. मधलं अंतर साधारण 22 सेंटिमीटर, म्हणजे 56-57 फेऱ्या. थोडक्यात, 56 फेऱ्यांत 96 चे 288, बरोबर तिप्पट करायचे आहेत, आणि तेही नक्षी चालू असताना.

चार्टमध्ये तर टाके कमी करायला सांगितलंय!

इथे बहुतेकजणी गोंधळतात. आइसलँडचा हा स्वेटर विसाव्या शतकाच्या मध्यावर लोकप्रिय झाला आणि तो मुळात खालून वर विणायची रीत आहे. आधी अंग, आधी बाह्या, मग सगळं एका सुईवर घेऊन गळ्याकडे जायचं. त्यामुळे त्या रीतीच्या चार्टमध्ये दोन टाक्यांचा एक करण्याची, म्हणजे घटीची खूण असते. आपण वरून खाली येतोय, तेव्हा तीच घट आपल्यासाठी वाढ होते. जिथे दोनाचा एक होत होता तिथे एकाचे दोन होणार.

चार्ट मात्र नुसता वरच्या ओळीपासून वाचायला घेऊ नका. कागद पूर्ण फिरवून उलटा ठेवा आणि मग नेहमीसारखं उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. विणताना स्वेटर तुमच्यासमोर डोकं खाली असाच असतो, म्हणून नक्षीही डोकं खाली अशीच यायला हवी. अंगात घातल्यावर फूल देठाकडून वर, टोकाकडून खाली, बरोबर दिसतं.

यात एक बारीक खाच आहे आणि ती कुणी सांगत नाही. घटीची खूण चार्टमध्ये घट झाल्यानंतरच्या, म्हणजे कमी टाक्यांच्या ओळीत काढलेली असते. चार्ट फिरवल्यावर तुम्ही त्या ओळीला आधी पोहोचता. तिथेच टाके वाढवलेत तर एक फेरी लवकर वाढवल्यासारखं होतं आणि त्या ओळीत नक्षी जुळत नाही. खुणेची ओळ साधी विणा, वाढ पुढच्या ओळीत करा. फिरवलेल्या चार्टवर पेन्सिलीने खुणा एकेक ओळ पुढे सरकवून ठेवल्या तर नंतर डोकं चालवावं लागत नाही.

ती करडी घरं कशाला?

चार्टमध्ये पांढरी घरं, जांभळी घरं आणि मधूनच पायऱ्यांसारखी करडी घरं दिसतात. "हा तिसरा रंग कुठून आणू?" असं मला एकीने विचारलं होतं. करडं घर म्हणजे तिथे टाकाच नाही. ते ओलांडून पुढचं घर वाचायचं.

मग छापतात कशाला? कागद चौकोनी आहे आणि योक नरसाळं आहे म्हणून. आपल्या केळफुलाचा एक घटक, म्हणजे एक फूल आणि त्याच्या शेजारची मोकळी जागा, खाली 12 टाक्यांचा आहे आणि गळ्यापाशी फक्त 4 टाक्यांचा. सगळ्या ओळी एकाखाली एक नीट लावायच्या तर वरच्या ओळींत आठ घरं रिकामी ठेवावी लागणार. ती रिकामी घरं करडी रंगवतात.

कोणताही चार्ट विकत घेण्याआधी मी ही करडी घरं कुठे आहेत तेवढं बघते. ती दोन फुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी असतील तर चार्ट काढणाऱ्याने विचार केला आहे. फुलाच्या पोटातून जात असतील तर तो स्वेटर चित्रात कितीही गोड दिसला तरी मी सोडून देते.

केळफुलाचा हिशेब, फेरीफेरीने

ठिपक्यांची रांगोळी काढताना फूल मोठं करायचं झालं तर पाकळीच्या मधोमध कुणी ठिपका घुसवत नाही. दोन पाकळ्यांच्या मध्ये जागा वाढवतात आणि मग पाकळी त्या जागेत पसरते. इथेही हेच दोन टप्पे आहेत. आधी मोकळी जागा वाढवायची, मग फुलाला तिच्यात पसरू द्यायचं.

आपले घटक 24 आणि ते गळ्यापासून काखेपर्यंत 24 च राहतात. वाढतो तो प्रत्येक घटक: 4, 6, 8, 10, 12. प्रत्येक वेळी घटकामागे 2 टाके, म्हणजे फेरीत 48. एकूण टाके 96, 144, 192, 240, 288 असे जातात.

पहिली वाढ तिसऱ्या फेरीत, अजून नक्षी सुरू व्हायच्या आत, सगळं पांढरं असताना. कारण सरळ आहे. 48 टाके प्रत्येक वेळी सारखेच वाढतात, पण 96 वर 48 म्हणजे एकदम निम्मे, आणि 240 वर 48 म्हणजे पाचवा हिस्सा. पहिल्या वाढीला कापड सर्वांत जास्त ताणतं, थोडी झालरही येते. ती झालर पांढऱ्या पट्टीत मुरते, नक्षीत आली तर उठून दिसते. पाठीकडचा गळा उंच करण्यासाठी ज्या अर्ध्या फेऱ्या विणतात त्याही इथेच, या पांढऱ्या पट्टीतच उरकून घ्याव्यात.

मग देठ सुरू होतो. घटकातल्या 6 टाक्यांपैकी 1 जांभळा, 5 पांढरे. काही फेऱ्यांनी देठ दोन्ही बाजूंना एकेक टाका घेतो: 3 जांभळे, 3 पांढरे. आता मोकळ्या जागेत तीनच पांढरे टाके उरले, म्हणजे वाढीची वेळ झाली. बाराव्या फेरीत पहिला पांढरा विणायचा, एक नवा टाका घ्यायचा, मधला पांढरा विणायचा, पुन्हा एक नवा घ्यायचा, मग तिसरा पांढरा. तिनाचे पाच झाले. जांभळ्याला हातही लागला नाही.

यानंतर तेच चक्र फिरत राहतं. पुढच्या काही फेऱ्यांत फूल 3 चं 5 होतं, जागा पुन्हा 3 वर येते. चोविसाव्या फेरीत जागा 3 ची 5. फूल 5 चं 7. अडतिसाव्या फेरीत जागा पुन्हा 3 ची 5, आणि मग फूल 9 वर पोहोचतं. शेवटच्या अठरा फेऱ्यांत वाढ नाही, कारण तिथे खांद्याचा उतार संपून छाती जवळजवळ सरळ खाली उतरते. त्या जागेत केळफूल 9 वरून निमुळतं होत एका टाक्यावर संपतं.

चोविसाव्या फेरीच्या आसपासचा एक घटक असा दिसतो. ● जांभळा, ○ पांढरा, × म्हणजे टाका नाही:

```
23   ● ● ● ● ● ○ × ○ × ○
24   ● ● ● ● ● ○ ○ ○ ○ ○
27   ● ● ● ● ● ● ○ ○ ○ ●
```

ओळ डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, ती सारखीच लागते, कारण शेवटचा जांभळा टाका हा शेजारच्या घटकातल्या सहा जांभळ्यांना चिकटणारा टाका आहे. फुलाचे आकडे बघा: 1, 3, 5, 7, 9. सगळे विषम. म्हणून प्रत्येक फुलाला मधला एक टाका कायम असतो आणि तो गळ्यापासून टोकापर्यंत एका सरळ रेषेत उतरतो. ती रेषा हलली नाही तर आकार फुगला तरी डोळ्याला खटकत नाही.

मग भाचीचं चुकलं कुठे?

तिने चोविसाव्या फेरीत 192 चे 240 करायचे होते. तिने हिशेब केला: 48 टाके वाढवायचेत, 192 भागिले 48 म्हणजे 4, म्हणून दर चार टाक्यांनंतर एक वाढवू. भागाकार अगदी बरोबर. साध्या एकरंगी स्वेटरला मीही असंच करते.

पण तिची फेरी फुलाच्या पहिल्या टाक्यापासून सुरू होत होती. पहिले पाच टाके जांभळे, पुढचे तीन पांढरे. चार टाक्यांनंतर नवा टाका घेतला म्हणजे तो कुठे आला? फुलाच्या चौथ्या आणि पाचव्या टाक्याच्या मध्ये. पुढचा नवा टाका आठव्यानंतर, म्हणजे पांढऱ्या जागेच्या कडेला. एक वाढ फुलाच्या अंगात, एक बाहेर. आता चार्ट म्हणतो पाच जांभळे विणा. तिने विणले, पण पाचवा जांभळा हा तो नवा टाका होता, आणि कालपर्यंत फुलाची कड सांभाळणारा टाका बाहेर ढकलला जाऊन पांढरा झाला. एका बाजूची कड जिथल्या तिथे राहिली, दुसऱ्या बाजूची एकदम सरकली. चोवीस फुलांत चोवीस वेळा.

गंमत म्हणजे याच हिशेबाने बाराव्या फेरीला काही बिघडलं नव्हतं. तिथे दर तीन टाक्यांनंतर वाढ होती, फूलही तीन टाक्यांचं होतं, त्यामुळे वाढ आपसूक फुलाच्या दोन्ही कडांना पडली. एकदा नशिबाने जमलं, म्हणून दुसऱ्यांदाही तिने त्याच भरवशावर विणलं.

"सारख्या अंतराने" हे शब्द नक्षीच्या स्वेटरमध्ये फेरीला लावायचे नसतात, घटकाला लावायचे असतात. प्रत्येक घटकात वाढ त्याच जागी आली की झालं. मग दोन वाढींमधलं अंतर कुठे एक टाका तर कुठे सात टाके असं असलं तरी चालतं.

नवा टाका घ्यायचा कसा?

जागा बरोबर असूनही इथे माती होऊ शकते. सगळ्यांना येणारी रीत म्हणजे एकाच टाक्यात पुढून आणि मागून विणून दोन करणे. तिने समोर एक आडवी गाठ दिसते. पांढऱ्यावर पांढरी असली तरी उन्हात कळते. मी दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून, पीळ देऊन विणते. पीळ द्यायला विसरलात तर तिथे भोक पडतं.

दोन रंगांच्या विणकामात मात्र दोन टाक्यांच्या मध्ये दोन आडवे धागे असतात. एक पांढऱ्या टाक्यांना जोडणारा, आणि त्याच्या मागे एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे जाणारा मोकळा जांभळा. चुकून मागचा उचलला की पांढऱ्या जागेत जांभळा ठिपका येतो आणि शिवाय मागचा धागा ओढला जाऊन शेजारची दोन्ही फुलं आक्रसतात. म्हणून वाढीच्या वेळी जागेत किमान तीन पांढरे टाके हवेत असा माझा हट्ट आहे. पहिल्या आणि मधल्या पांढऱ्याच्या मधला पुढचा धागा पांढराच असतो, चुकायला वाव कमी.

नव्या दोन टाक्यांपैकी एकाला उजवा पीळ आणि दुसऱ्याला डावा द्यावा म्हणजे ते एकमेकांचं प्रतिबिंब दिसतात, असंही सांगतात. खरं आहे. पण पांढऱ्यात पांढरं असताना ते ओळखायला भिंग लागेल. कटकट वाटली तर दोन्हींना एकच पीळ द्या.

"एवढं कशाला? खाली येताना सुई जाड घ्यावी की"

हा प्रश्न हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. दहा नंबरच्या सुईवरून आठ नंबरच्या सुईवर गेलं की तेवढ्याच टाक्यांत कापड थोडं रुंद होतं. काखेपाशी जराशी ढील हवी असेल तर हा उपाय मी वापरते. पण आपल्याला 48 सेंटिमीटरचे 144 करायचे आहेत. सुई बदलून तिप्पट रुंदी मिळायला लागली तर खालचं कापड मच्छरदाणीसारखं होईल.

दुसरी सूचना येते ती वाढ चारच उभ्या रेषांत, पुढे-मागे आणि बाह्यांच्या सांध्यावर करायची. ती रीत एकरंगी स्वेटरला उत्तम आहे. गोल नक्षीला ती चार ठिकाणी कापते, आणि त्या चारही ठिकाणी अर्धीमुर्धी फुलं येतात.

फूल वाकडं दिसतंय, पण कशामुळे?

मागचा धागा घट्ट ओढला गेला तरी नक्षी बिघडते, आणि पुष्कळजणी तो दोष वाढीवर ढकलतात. ओळखायची खूण सोपी आहे. धागा घट्ट असेल तर अख्खा पट्टा सगळीकडून आत ओढल्यासारखा दिसतो, आणि कापड उलटं करून बोटाने दाबलं तर मागचे धागे वीणेच्या तारेसारखे ताणलेले लागतात. वाढ चुकली असेल तर मागचे धागे सैल असतात, पण प्रत्येक फुलात त्याच फेरीत, त्याच बाजूला, तोच मोड दिसतो. पहिला दोष वाफेच्या इस्त्रीने थोडा सुधारतो. दुसरा उसवल्याशिवाय जात नाही.

केळफुलात घट्ट धाग्याचा धोका दोन जागी आहे. फूल 9 टाक्यांचं होतं तिथे पांढरा धागा मागून नऊ टाके ओलांडतो. ते फार झालं, अंगठी अडकेल इतकी लांब मोकळी दोरी मागे राहते. मी फुलाच्या पोटात पाकळ्यांच्या दोन बारीक पांढऱ्या रेघा टाकायला सांगितल्या. खऱ्या केळफुलाला तशा पाकळ्या असतातच. आणि टोकाला फूल एका टाक्यावर येतं तिथे जागा अकरा पांढऱ्यांची होते, तिथे मधोमध एक जांभळा ठिपका द्यावा. दोन्ही बाजूंना पाच-पाच टाके उरतात, धाग्याला झेपतील एवढे.

माप बदलायचं असेल तर?

घटकाला हात लावू नका, घटकांची संख्या बदला. एक घटक खाली 12 टाक्यांचा, म्हणजे 6 सेंटिमीटरचा. 24 ऐवजी 26 फुलं घेतली की काखेच्या पातळीला 312 टाके, 156 सेंटिमीटर होतात, आणि गळा 96 चा 104. तेवढा मोठा गळा नको असेल तर बॉर्डर कमी टाक्यांची विणून पहिल्या पांढऱ्या पट्टीत जास्तीचे टाके वाढवून घ्यावेत, तिथे कुणी बघत नाही. फुलाचा चार्ट, वाढीच्या फेऱ्या, करडी घरं, काहीच बदलत नाही.

भाचीने तेविसाव्या फेरीपर्यंत उसवलं. तोंड वाकडं केलं, पण उसवलं. या वेळी फेरीच्या सुरुवातीची खूण तिने फुलाच्या पहिल्या टाक्यावरून काढून दोन फुलांच्या मधल्या पांढऱ्या टाक्यावर नेली, आणि चोवीस ठिकाणी वेगळ्या रंगाच्या लोकरीचे फास अडकवले, म्हणजे घटक कुठे संपतो ते मोजावंच लागू नये. अडतिसावी फेरी झाल्यावर पुन्हा ओट्यावर घेऊन आली. आजींनी चष्मा वर करून बघितलं, बोटाने एका फुलाची कड वरपासून खालपर्यंत चाचपली. "आते बरं दिखस," म्हणाल्या, आणि बाह्या कधी काढणार ते विचारलं.